स्लाइडसोबत बोर्ड किंवा फ्लिपचार्ट: काय दाखवायचं आणि काय समोर काढायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरमधल्या कॉलन्यांत, मराठी मंडळांत, शाळांत जे स्लाइड घेऊन बोलायला उभे राहतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. प्रत्येक उत्तराला नवं उदाहरण देण्याऐवजी एकच भाषण शेवटपर्यंत घेतलं आहे: कॉलनीच्या बैठकीत छतावरचं पावसाचं पाणी बोरिंगमध्ये सोडण्याबद्दल अर्ध्या तासाचं बोलणं. ऐकणारे चाळीसएक, मागची रांग आठ मीटरवर, एक प्रोजेक्टर, एक फ्लिपचार्ट.

सगळं स्लाइडवर घेता येतं, मग बोर्ड हवाच कशाला?

बऱ्याच भाषणांना नकोच असतो. फोटो, नकाशा, दरपत्रक, नियमाचा मजकूर, वर्षावर्षाच्या पावसाचा आलेख या गोष्टी तयार असतात आणि तयारच चांगल्या दिसतात. त्या हाताने काढायला घेतल्या तर वेळ जातो आणि चूकही होते.

बोर्ड लागतो तो दोनच वेळा. एखादी गोष्ट कोणत्या क्रमाने घडते किंवा कशी हिशेबात येते हे समजणं हाच मुद्दा असेल तेव्हा, आणि समोरच्याच्या उत्तराने चित्र बदलणार असेल तेव्हा. स्लाइड पडद्यावर आली की पूर्ण येते. माणसं ती आधी वाचून टाकतात आणि तुम्ही पहिल्या ओळीवर बोलत असता तेव्हा त्यांची नजर शेवटच्या आकड्यावर असते. हाताने काढताना मात्र तुमची रेघ जिथे पोचली आहे, तिथेच सगळ्यांची नजर असते.

मग नेमकं ठरवायचं कसं?

प्रत्येक कल्पनेला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: यातला एखादा आकडा किंवा शब्द ऐकणाऱ्यांकडून येणार आहे का? येणार असेल तर बोर्ड. दुसरा: ही गोष्ट टप्प्याटप्प्याने उभी राहिली तरच कळते का? तसं असेल तरीही बोर्ड, पण तिसऱ्या प्रश्नातून पास झाली तरच. तिसरा: हे दीड मिनिटात, दहा-बारा रेघांत होतं का? होत नसेल तर स्लाइड करा, किंवा त्यातला एकच तुकडा बोर्डवर घ्या. दीड मिनिटाच्या पुढे तुमची पाठ बघत बसायला कुणाला आवडत नाही. मग मागच्या रांगेत मोबाइल निघतात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देऊ नका. घरी कागद भिंतीला लावून, घड्याळ लावून एकदा काढून बघा. वहीत वीस सेकंदांत होणारं चित्र उभ्याने, मोठ्या हाताने काढायला सहज तिप्पट वेळ घेतं.

छतावरच्या पाण्याच्या भाषणात काय कुठे जाईल?

स्लाइडवर: गाळणीचा आतून काढलेला फोटो, गाळाने तुंबलेल्या गाळणीचा फोटो, इंदूर आणि नर्मदेचा नकाशा, खर्चाचं दरपत्रक. बोर्डवर तीनच गोष्टी: छतावर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब, नर्मदेचं पाणी किती वर चढून येतं त्याची चढण, आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी वळवणाऱ्या व्हॉल्व्हची उघडझाप.

वेळेच्या हिशेबाने तीस मिनिटांत बोर्डवर मिळून नऊ-दहा मिनिटं जातील. याहून जास्त फेऱ्या मारू नयेत. पडदा आणि बोर्ड यांच्यामध्ये पाच-सहा वेळा येरझाऱ्या झाल्या की ऐकणाऱ्यांना कुठे बघायचं ते कळेनासं होतं.

हिशेबाचं चित्र प्रत्यक्षात कसं काढायचं?

सगळ्या भाषणाचा कणा हाच असल्यामुळे तो सावकाश पाहू.

कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीसारखा तिरका चौकोन काढा, साधारण वीतभर रुंद. दोन बाजूंवर "१ मी" लिहा. मग पुढच्या कडेच्या खाली, अगदी चिकटून, एक समांतर रेघ ओढा आणि तिच्या बाजूला "१ मिमी" लिहा. एवढं झालं की मार्करला टोपण लावा, वळा आणि विचारा: "एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा, तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस. पाणी किती?"

इथे थांबायचं. कुणी कपभर म्हणेल, कुणी बादलीभर. दोन-तीन अंदाज आले की चौकोनाच्या मधोमध मोठ्या अक्षरात लिहा: "१ लिटर". १०० सेंटिमीटर गुणिले १०० सेंटिमीटर गुणिले ०.१ सेंटिमीटर म्हणजे १००० घन सेंटिमीटर, हे फक्त तोंडी सांगा. कागदावर मांडू नका, नाहीतर गणिताचा तास होतो.

यानंतर खाली एकाखाली एक तीन आकडे. इंदूरचा वर्षाचा पाऊस सरासरी साधारण ९५० मिलिमीटर धरला, तर एका चौरस मीटरवर ९५० लिटर. काही पाणी उडतं, काही छतात मुरतं, पहिल्या पावसाचं आपण सोडून देतो, म्हणून पाचवा हिस्सा वजा: ७६० लिटर. पण आपल्याकडे घर कुणी चौरस मीटरमध्ये सांगत नाही. एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट, म्हणून एका चौरस फुटाला साधारण ७० लिटर. या ७० भोवती गोल करा.

आता आकडा समोरून घ्यायचा.

"काका, तुमचं छत किती फूट?"

"असेल पंधराशे."

१५०० × ७० लिहा आणि बरोबर-चिन्हानंतर पुन्हा थांबा. गुणाकार ऐकणाऱ्यांपैकीच कुणीतरी मोठ्याने करतं, आणि ते केलेलं चांगलं. १,०५,००० लिटर. टँकर ५००० लिटरचा धरला तर २१ टँकर.

हेच उत्तर स्लाइडवर छापून आणलं असतं तर ते कुठल्यातरी घराचं उत्तर झालं असतं. आता ते काकांच्या घराचं आहे, आणि शेजारचे वहिनी-भाऊजी मनातल्या मनात आपलं छत सत्तरने गुणायला लागलेले असतात.

या हिशेबावर हमखास येणारा उलटा प्रश्न कोणता?

"म्हणजे माझे २१ टँकर वाचले?" याचं उत्तर नाही असं आहे, आणि ते बोर्डवरच द्यावं. २१ च्या पुढे खाली जाणारा बाण काढून "जमिनीत" लिहा. बोरिंगमध्ये सोडलेलं पाणी टाकीत साठवल्यासारखं तुमच्या नावावर राहत नाही. ते खडकाच्या भेगांतून पसरतं आणि त्यातलं काही शेजारच्या बोरिंगलाही मिळतं. म्हणूनच हा विषय एका घराचा न राहता कॉलनीचा होतो. हा बाण आधीपासून चित्रात असता तर प्रश्न आलाच नसता, आणि मग उत्तराकडेही फारसं कुणी लक्ष दिलं नसतं.

समोरच्याने भलताच आकडा सांगितला तर?

कुणी १२७५ फूट म्हणेल, कुणी "फ्लॅट आहे, छत सगळ्यांचं" म्हणेल. पहिल्याला विचारून १३०० करून घ्या. तोंडी गुणाकार जमेल असाच आकडा कागदावर जाऊ द्या. दुसऱ्याला इमारतीचं एकूण छत विचारा आणि शेवटी घरांच्या संख्येने भागा.

तरी खिशात एक चिठ्ठी असू द्यावी: ८०० ला ५६,०००, १००० ला ७०,०००, १२०० ला ८४,०००, २००० ला १,४०,०००, ३००० ला २,१०,०००. चाळीस माणसांसमोर साधा गुणाकार चुकतो. हातात मार्कर असला की जरा जास्तच चुकतो. कागदावर चुकलंच तर खोडाखोड न करता एक आडवी रेघ मारा आणि शेजारी बरोबर आकडा लिहा. गिरवून सुधारलेला आकडा मागून वाचता येत नाही.

नर्मदेचा नकाशा स्लाइडवर, पण चढण बोर्डवर का?

कारण नकाशात अंतर दिसतं, उंची दिसत नाही. इंदूरला नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून. हे नकाशाच चांगलं सांगतो. पण नदी तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटरवर आहे आणि इंदूर साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे पाणी चारशे मीटर वर चढवावं लागतं, आणि वीज मुख्यतः त्या चढणीला लागते.

डाव्या खालच्या कोपऱ्यात नदी म्हणून लाटेची एक रेघ, उजवीकडे वर इंदूरचं घर, मध्ये निमाडातून माळव्याच्या पठारावर चढणारी तिरकी रेघ, आणि बाजूला उभा बाण: "४०० मी". मग एकच वाक्य लिहा: "१००० लिटर = किमान १.१ युनिट". एक हजार लिटर म्हणजे एक टन पाणी, ते चारशे मीटर उचलायला लागणारी ऊर्जा एवढी होते. पंपातली आणि नळातल्या घर्षणाची तूट धरली की प्रत्यक्षात दीड युनिटाच्या पुढे जाते.

या चित्रात एक फसगत आहे. पन्नास सेंटिमीटर रुंद कागदावर ७० किलोमीटर बसवले, तर खऱ्या प्रमाणात ४०० मीटरची उंची तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे तुम्ही काढलेली चढण शंभरपट फुगवलेली असते. ते तोंडाने सांगा: "उंची मुद्दाम वाढवून काढली आहे." हाताने काढलेल्या चित्राला लोक प्रमाणाची सूट देतात. हेच संगणकावर नीटनेटकं छापून आणलंत, तर कुणीतरी इंजिनिअर हात वर करतोच.

हेच ॲनिमेशनने होत नाही का? क्लिक केलं की एकेक रेघ येते.

क्रम दाखवायचा असेल आणि आकडे ठरलेले असतील, तर होतं. शंभर माणसांच्या सभागृहात तोच चांगला मार्ग. पण ॲनिमेशनचा क्रम आदल्या रात्री ठरलेला असतो. काकांचे पंधराशे फूट त्यात घालता येत नाहीत, आणि कुणी मध्येच "आधी गाळणीचं सांगा" म्हटलं तर पुढच्या सहा क्लिक पार करूनच तिथे पोचावं लागतं.

दुसरं, क्लिकला वेळ लागत नाही. त्यामुळे बोलणारा नकळत घाई करतो. हाताला रेघ ओढायला लागणारे दोन-तीन सेकंद ऐकणाऱ्याला विचार करायला पुरतात.

व्हाइटबोर्ड घ्यावा की फ्लिपचार्ट?

पुसून बदलायचं असेल तर व्हाइटबोर्ड, शेवटपर्यंत राहायला हवं असेल तर फ्लिपचार्ट.

आपल्या भाषणात हिशेबाचा कागद शेवटी पुन्हा लागणार आहे, खर्चाची स्लाइड आली की "१,०५,००० लिटर" कडे बोट दाखवायचं आहे, म्हणून तो फ्लिपचार्टवर. तो फाडून मास्किंग टेपने भिंतीला लावून ठेवा. टेप आधी कोपऱ्यात लावून बघा. ताज्या रंगाच्या भिंतीवरून पापुद्रा निघाला तर मंडळाचे सेक्रेटरी पुढच्या वेळी हॉल देणार नाहीत.

व्हॉल्व्हचं चित्र मात्र व्हाइटबोर्डचं काम. छताचा पाइप खाली येतो, त्याला फाटा आहे. एका फाट्याचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर, तो बंद केला की पाणी गाळणीतून बोरिंगला. व्हॉल्व्हची आडवी दांडी बोटाने पुसून उभी केली की सगळ्यांना कळतं. फ्लिपचार्टच असेल तर ही दोन चित्रं दोन कागदांवर काढा, किंवा दांडी म्हणून पोस्ट-इटची पट्टी चिकटवा आणि ती फिरवा.

अक्षर किती मोठं काढायचं?

तीन मीटर अंतराला २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर, हे साधं माप. मागची रांग आठ मीटरवर असेल तर साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांच्या रुंदीइतकं. ही उंची नुसत्या अक्षराची. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून एका ओळीला तेवढीच मोकळी जागा आणखी लागते.

फ्लिपचार्टचा कागद ए-१ असेल तर तो ५९ बाय ८४ सेंटिमीटर. खुर्च्या सपाट जमिनीवर असतील तर खालचा तिसरा हिस्सा पुढच्यांच्या डोक्यांआड जातो. उरलेल्या जागेत चार ओळी बसतात, फार तर पाच, आणि एका ओळीत सात-आठ अक्षरं. "पर्जन्यजल पुनर्भरण" लिहायला जागाच नाही. "पाणी → बोरिंग" लिहा.

हात लवकर चालावा म्हणून शिरोरेघ सोडली तर चालेल?

चालतं, पण घ–ध आणि भ–म वाचताना मागचे अडखळतात. शब्द पूर्ण लिहून शेवटी एका झटक्यात रेघ ओढणं सगळ्यांत बरं.

आकडे देवनागरीत की इंग्रजी?

कोणतेही, पण स्लाइडवर जे आहेत तेच बोर्डवर. घाईत लिहिलेले १ आणि ९, तसेच ५ आणि ६, मागून सारखे दिसतात. आपल्याकडे नवीन पिढी हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेली आहे, त्यांना देवनागरी आकडा क्षणभर जास्त लागतो. बैठकीत तरुण जास्त असतील तर इंग्रजी आकडे घ्या. त्यात मराठीचं काही बिघडत नाही.

बोर्ड कुठे ठेवायचा आणि उभं कुठे राहायचं?

उजव्या हाताने लिहिणाऱ्याने बोर्ड पडद्याच्या उजवीकडे ठेवावा. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने उजवीकडे. मग तुम्ही पडदा आणि बोर्ड यांच्यामध्ये उभे राहता, हात उजवीकडे जातो आणि अंग लिहिलेल्यावर येत नाही. डावखुऱ्यांनी याच्या उलट. बोर्ड पडद्याशी सरळ रेषेत न ठेवता बैठकीच्या मध्याकडे थोडा तिरका वळवा.

जागा पक्की करण्याआधी चारही कोपऱ्यांतल्या खुर्च्यांवर बसून बघा. एखादा खांब, समई किंवा फुलांची सजावट नेमकी मध्ये येते, आणि ते स्टेजवरून दिसत नाही.

मी बोर्डवर असताना स्लाइडचं काय करायचं?

पडदा काळा करा. उजळ पडदा चालू असेल तर माणसं तिकडेच बघत राहतात. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स आणि लिबरऑफिस इम्प्रेस या तिन्हींमध्ये स्लाइड शो चालू असताना `B` दाबलं की पडदा काळा होतो, `W` दाबलं की पांढरा. पुन्हा तीच कळ दाबली की स्लाइड परत. पीडीएफ उघडून बोलत असाल तर या कळा चालतीलच असं नाही. तेव्हा जिथे बोर्डकडे वळायचं आहे तिथे एक कोरं काळं पान आधीच घालून ठेवा. आम्हाला तर पीडीएफ नसतानाही हा उपाय जास्त भरवशाचा वाटतो. त्या काळ्या पानामुळे बोर्डची वेळ झाली हे बोलणाऱ्याच्याही लक्षात राहतं.

प्रोजेक्टरला अंधार हवा, बोर्डला उजेड. जमवायचं कसं?

पडद्यासमोरची ट्यूबलाइट बंद, बोर्डवरची आणि मागची चालू. हॉलमधली बटणं कशाची कुठली हे बैठकीआधी शोधून त्यांवर कागदाची चिठ्ठी लावा. बोर्डवर उजेड पोचतच नसेल तर बाजूने एक दिवा लावा, समोरून नको.

व्हाइटबोर्डवरच प्रोजेक्टर पाडून त्याच्यावर लिहिण्याचा मोह टाळावा. चकचकीत बोर्डवर दिव्याचा पांढरा ठिपका उमटतो आणि समोर बसलेल्यांना नेमकी तेवढीच जागा दिसत नाही. शिवाय लिहिताना तुमची सावली पडते आणि झोत डोळ्यांत जातो.

मार्कर कोणते?

टोक तिरकं कापलेलं घ्या. त्याची रेघ जाड येते. गोल टोकाची रेघ बारीक असते, आठ मीटरवरून ती पुसट दिसते. मजकुराला काळा किंवा निळा. लाल फक्त गोल करायला आणि बाणाला. लांबून लाल मजकूर फिका पडतो. पिवळा आणि नारिंगी घेऊच नका. लाल आणि हिरव्यात फरक सांगायचा असेल तर नुसत्या रंगावर सोडू नका, एक रेघ तुटक काढा. काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

व्हाइटबोर्डचे मार्कर आडवे ठेवा. उभे, टोक वर करून ठेवले की आतला रंग खाली बसतो आणि मार्कर भरलेला असूनही फिका उठतो. कागदावर लिहायला पाण्याच्या शाईचे मार्कर चांगले. पर्मनंट मार्कर कागदातून झिरपून खालच्या दोन पानांवर डाग पाडतो. तोच असेल तर मध्ये एक कोरं पान सोडून लिहा.

चुकून पर्मनंट मार्करने व्हाइटबोर्डवर लिहिलं गेलं. आता?

त्याच रेघांवरून व्हाइटबोर्डच्या मार्करने गिरवा आणि ओली शाई लगेच पुसा. नव्या शाईतला द्रावक खालची शाई सोडवतो. राहिलंच तर कापडावर थोडं स्पिरिट घ्या. भांडी घासायची पावडर किंवा तारेची घासणी लावू नका. पृष्ठभागावर ओरखडे पडले की पुढे साध्या मार्करची शाईही त्यांत अडकते आणि पुसून जात नाही.

माझं चित्र चांगलं येत नाही. तरी समोर काढू?

फ्लिपचार्टवर सोय आहे. आदल्या दिवशी पेन्सिलीने फिकट रेघांत चौकोन, चढण, आकड्यांच्या जागा आखून ठेवा. तीन मीटरवरून त्या दिसत नाहीत. भाषणात तुम्ही फक्त त्यांच्यावरून मार्कर फिरवता. कोपऱ्यात बारीक अक्षरात ९५०, ७६०, ७० हेही लिहून ठेवता येतं.

चढणीच्या चित्रात घर, झाड, पंपहाउस रंगवत बसण्याचं कारण नाही. चौकोनावर त्रिकोण म्हणजे घर, एवढं पुरतं. खूप सुबक चित्र निघालं तर लोक चित्राचं कौतुक करतात आणि ४०० मीटर विसरतात.

लिहिता लिहिता बोलायचं की नाही?

बोर्डकडे तोंड करून बोललेलं मागे पोचत नाही, माइक कॉलरला लावलेला असेल तरच गोष्ट वेगळी. एक रेघ किंवा एक शब्द काढा, वळा, मग बोला. मधली चार सेकंदांची शांतता तुम्हाला लांबलचक वाटते, ऐकणाऱ्यांना वाटत नाही; ते तुमचा हात बघत असतात. लांब शब्द लिहायचे असतील तर मात्र समोरच्या कुणाला तरी मार्कर द्या आणि तुम्ही समोर बघून बोला.

पंख्याने कागद उडतो.

एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करा म्हणणं शक्य नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मोठे बाइंडर क्लिप लावा, ते स्टँडच्या फळीलाही धरतील असे. पान उलटताना क्लिप काढून परत लावावे लागतात, म्हणून पानं कमी ठेवा. तीन चित्रांना चार पानं पुष्कळ झाली. स्टँडचे पाय पूर्ण उघडून, पाठीमागच्या पायावर पाण्याची भरलेली बाटली बांधली की तो ढकलला जात नाही.

ऐंशी-शंभर माणसं असतील तर?

फ्लिपचार्ट साधारण तीस-चाळीस माणसांपर्यंतच चालतो. त्यापुढे काढायचं समोरच, पण दाखवायचं पडद्यावर. टेबलावर ए-४ कागद टेपने चिकटवा, वर स्टँडला मोबाइल आडवा लावा आणि त्याचं चित्र केबलने प्रोजेक्टरला द्या. लेखणी म्हणून स्केचपेन घ्या, बॉलपेन फिकं दिसतं. तीन गोष्टी आधी तपासा: मोबाइलचा स्क्रीन आपोआप बंद होत नाही ना, फोकस कागदावर कायम ठेवला आहे ना, आणि फोनवर येणारे मेसेज बंद आहेत ना. शेवटचं विसरलात तर घरच्या किराण्याची यादी शंभर माणसं वाचतात.

भाषणानंतर कागदांचं काय करायचं?

फाडण्याआधी फोटो. फ्लॅश बंद ठेवा, व्हाइटबोर्ड असेल तर जरा बाजूला सरकून काढा म्हणजे दिव्याची चमक येत नाही. कॉलनीच्या ग्रुपवर टाकताना फोटोखाली एक ओळ लिहा: "चौरस फूट × ७० = वर्षाचं पाणी, लिटरमध्ये; इंदूरच्या सरासरी पावसावरून". जे बैठकीला नव्हते त्यांना नुसता बाण आणि गोल केलेला ७० बघून काही कळणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न वीस जण विचारतील.